उकाड्याचें खरें माप : दंवबिंदु

मे महिन्यांत मुंबईचा उकाडा असह्य झाला, म्हणजे 'आज हवेंत आर्द्रता फार आहे' असें आपण म्हणतों. हवामानाच्या वृत्तांतांत ही आर्द्रता टक्क्यांनीं सांगितलेली असते. परंतु तो आंकडा उकाड्याशीं ताडून पाहिला, तर बहुधा मेळ बसत नाहीं. पहाटे तो ऐंशी-नव्वदांच्या घरांत असतो व दुपारीं बराच खालीं उतरतो. अंगाची चिकचिक मात्र दुपारीं कमी होत नाहीं. असें कां व्हावें, याचा आज विचार करूं.

हवेंत पाण्याची वाफ मिसळलेली असते, आणि कोणत्याही उष्णमानास ती किती राहूं शकेल याला मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या मानानें प्रत्यक्ष वाफेचें शेंकडा प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. ही मर्यादा स्थिर नाहीं, हीच अडचण आहे. वाफेचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजला, तर ती २७ अंश सेल्सियसला सुमारें २६.७ आणि ३३ अंशांना ३७.७ भरते. आतां समजा, मुंबईच्या हवेंत दिवसभर २३.८ मिलिमीटर दाबाची वाफ आहे. पहाटे २७ अंशांना आर्द्रता ८९ टक्के दिसेल, दुपारीं ३३ अंशांना ६३ टक्के. हवेंतून वाफ यत्किंचितही गेली नाहीं. माप मात्र वाढलें, म्हणून तें रितें दिसूं लागलें.

याउलट ही हवा थंड करीत गेलों, तर २५ अंशांवर तिची मर्यादा २३.८ इतकीच होईल. म्हणजे हवा वाफेनें पूर्ण भरेल, व त्याखालीं जातांच दंव पडूं लागेल. हा २५ अंश तिचा दंवबिंदु. तो पहाटे तोच, दुपारींही तोच. कारण तो केवळ वाफेवर अवलंबून आहे.

याचा आपल्या शरीराशीं संबंध असा. घाम निथळल्यानें नव्हे, तर तो वाळल्यानें अंग निवतें. उन्हाळ्यांत त्वचेचें उष्णमान सुमारें ३५ अंश असतें, व त्या उष्णमानास ओल्या त्वचेलगतच्या वाफेचा दाब ४२.२ मिलिमीटर असतो. हा दाब आणि हवेंतील वाफेचा दाब यांत जितकें अंतर, तितका घाम लवकर वाळतो. मुंबईच्या आपल्या उदाहरणांत तें अंतर १८.४ आहे. आतां पुण्याची हिवाळ्यांतील एक पहाट घ्या : उष्णमान १२ अंश, दंवबिंदु १० अंश. तेथें सापेक्ष आर्द्रता सुमारें ८८ टक्के निघते, मुंबईच्या दुपारपेक्षां कितीतरी जास्त! पण त्या हवेंतील वाफेचा दाब अवघा ९.२ आहे. म्हणूनच अशा हवेंत ओंठ फुटतात. चिकचिक होत नाहीं. टक्क्यांवर विसंबणारा मनुष्य पुण्याच्या त्या पहाटेलाच दमट म्हणेल. दंवबिंदु अशी फसगत होऊं देत नाहीं. ढोबळ मानानें दंवबिंदु १५ अंशांच्या खालीं असतां हवा सुखद वाटते, २० च्या वर चिकट वाटूं लागते, आणि २४ च्या वर जीव नकोसा होतो.

दंवबिंदु घरींही काढतां येतो. धातूचें पातळ, चकचकीत फुलपात्र घेऊन त्यांत साधें पाणी घाला. बर्फाचा बारीक चुरा थोडा थोडा टाकून ढवळत राहा, व उष्णतामापक पाण्यांत धरा. बाहेरून चकाकी मंद होऊन धुकट थर दिसतांच उष्णमान टिपा. मग बर्फ घालणें थांबवून थर नाहींसा होतांना पुन्हां टिपा. समजा, पहिला आंकडा २४.५ व दुसरा २५.५ आला, तर मध्य, म्हणजे २५, हा दंवबिंदु. बर्फ एकदम टाकला, तर पाणी भराभर थंड होऊन थर दिसेपर्यंत बिंदु मागें पडतो. भांड्यावर श्वास गेला, तर थर वेळेआधींच दिसतो. दोन आंकड्यांत दोन-तीन अंशांचें अंतर पडलें, तर घाई झाली असें समजून प्रयोग पुन्हां करावा.

मात्र दंवबिंदु हें चिकचिकीचें माप आहे, उष्णतेचें नव्हे. नागपुरास ४४ अंश उष्णमान व १० अंश दंवबिंदु असतां घाम दिसण्यापूर्वींच वाळतो, वाळ्याचे पडदे उत्तम काम देतात. तरी उष्माघाताचें भय असतेंच. वारा आणि ऊन यांचाही हिशेब निराळा करावा लागतो. म्हणून वृत्तांत वाचतांना उष्णमान व दंवबिंदु हे दोन आंकडे बरोबर पाहावे. पहिल्यावरून ताप कळेल, दुसऱ्यावरून घाम वाळेल कीं नाहीं तें कळेल.