रक्त 'पातळ' झालं म्हणजे नेमकं काय?

बावन्न वर्षांचे एक काका डोळ्यासमोर आणा. सकाळी दात घासताना बेसिनमध्ये रक्त पडतं. दंडावर रुपयाएवढा काळानिळा डाग दिसतो, पण कुठे लागलं ते त्यांना आठवत नाही. डोळे पिवळसर, पोट किंचित फुगलेलं. लिव्हर सिरॉसिसचं निदान आधीच झालेलं. मुलगा डॉक्टरांना विचारतो, "बाबांचं रक्त पातळ झालंय का?"

हा शब्द घरोघरी वापरला जातो, पण त्याने दिशाभूल होते. रक्त पाण्यासारखं होत नाही, ते गोठायला उशीर लागतो. का, ते काकांच्या रिपोर्टमधूनच पाहू.

पहिली तपासणी प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे पीटी. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात. तिच्यातल्या सायट्रेटमुळे ते नळीत गोठत नाही. मग वरचा पिवळसर द्रव वेगळा करून त्यात गोठण सुरू करणारं द्रव्य आणि कॅल्शियम घालतात आणि सेकंद मोजतात. निरोगी माणसाची गुठळी साधारण 11 ते 14 सेकंदांत धरते. काकांना 21 लागले.

हे जादा सेकंद कुठून आले? गुठळी धरण्यासाठी रक्तात डझनभर प्रथिनं एकामागून एक जागी व्हावी लागतात. त्यांना क्लॉटिंग फॅक्टर म्हणतात आणि त्यातली बहुतेक यकृतातच तयार होतात. फॅक्टर सात तर रक्तात जेमतेम काही तास टिकतो, त्यामुळे कारखाना मंदावला की त्याचाच साठा आधी संपतो. अल्ब्युमिन हे यकृताचंच दुसरं प्रथिन, पण ते सुमारे तीन आठवडे निम्म्यावर येत नाही. म्हणून यकृत अचानक बिघडलं तर अल्ब्युमिन ठीक दिसत असतानाही पीटी वाढलेला सापडतो.

इथे एक फाटा फुटतो, आणि तो मला या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा वाटतो. फॅक्टर दोन, सात, नऊ आणि दहा यांना कामाचं करण्यासाठी यकृताला व्हिटॅमिन के लागतं. ते आतड्यातून शोषलं जायला पित्त हवं. पित्ताचा मार्ग खड्याने तुंबला असेल तर यकृत धडधाकट असूनही पीटी वाढतो. मग ओळखायचं कसं? व्हिटॅमिन के शिरेतून देतात आणि सुमारे 24 तासांनी पीटी पुन्हा पाहतात. झपाट्याने सुधारला, तर कमतरता व्हिटॅमिनची होती. काकांचा 21 वरून 20 वर आला. कच्चा माल पोचला, पण तो वापरणाऱ्या पेशीच उरल्या नव्हत्या.

प्लेटलेट्स 62 हजार. किमान दीड लाख हव्यात. इथे मोठा वाटा प्लीहेचा. आतड्याकडून आणि प्लीहेकडून येणारं रक्त यकृतातून पुढे जातं. यकृत व्रणांनी कडक झालं की ते मागे तुंबतं आणि प्लीहा फुगते. एरवी एक तृतीयांश प्लेटलेट्स तिच्यात असतात. फुगलेल्या प्लीहेत 90 टक्क्यांपर्यंत अडकू शकतात. शिवाय अस्थिमज्जेला 'आणखी प्लेटलेट्स बनवा' असं सांगणारं थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरकही मुख्यतः यकृतच बनवतं. म्हणजे इकडे साठा अडकतो आणि तिकडे नवी मागणीही जात नाही.

शेवटचा दोष सहज निसटतो. काकांचं फायब्रिनोजेन, म्हणजे ज्याच्या धाग्यांनी गुठळी विणली जाते ते प्रथिन, रिपोर्टमध्ये नॉर्मल आहे, पण थ्रॉम्बिन टाइम लांबलेला. आजारी यकृत या प्रथिनावर सायलिक आम्लाचे जास्तीचे कण चिकटवतं. त्यांच्या ऋण विद्युतभारामुळे धागे एकमेकांना दूर लोटतात आणि वीण बसायला वेळ लागतो. माल वजनात पुरेपूर, पण घडणीत चुकलेला.

पण मुलाने एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. गुठळी रोखणारी प्रोटीन सी, अँटिथ्रॉम्बिनसारखी प्रथिनंही यकृतच बनवतं, आणि तीही घटलेली असतात. तराजूची दोन्ही पारडी हलकी होतात. पीटी फक्त एकच पारडं मोजतो. म्हणून वाढलेला पीटी असलेल्या रुग्णाच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेतही गुठळी होऊ शकते, आणि केवळ आकडा सुधारण्यासाठी प्लाझ्माच्या पिशव्या चढवणं बहुतेक वेळा उपयोगाचं नसतं. उलट त्या जादा द्रवाने तुंबलेल्या शिरांतला दाब वाढतो.

सिरॉसिसमधला सर्वात घातक रक्तस्राव होतो तो याच दाबामुळे, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून. रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली तर काकांना त्याच क्षणी रुग्णालयात न्यायला हवं. तिथे दाब उतरवणारं औषध सुरू होईल आणि दुर्बिणीतून त्या शिरांवर रबरी बँड बसवले जातील.