‘सुटले बिचारे’ का बोचतं?

लेखक सी. एस. लुईस श्रद्धाळू ख्रिस्ती होते. १९६०मध्ये त्यांची पत्नी जॉय कॅन्सरने गेली, तेव्हा ‘ती आता देवाच्या हाती आहे’ हे सांत्वन त्यांना पटेना. आजारपणातही ती त्याच हाती होती ना, असा त्यांचा सवाल होता. तो त्यांनी ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ या पुस्तकात मांडला.

आपल्याकडेही लांबलेल्या आजारपणानंतर कुणी गेलं, की असंच सांत्वन म्हणून ‘सुटले बिचारे’ म्हणतात. वर्षभर नवऱ्याची औषधं, पथ्यं सांभाळलेल्या बाईला त्यात ऐकू येतं, की आता रडायचं कारण नाही. तिला तर तो इथेच हवा होता. मग ती नुसती मान डोलावते आणि बोलणंच थांबवते.

‘सुटले’ असं ती स्वतः म्हणाली, तर दुजोरा द्यावा. एरवी गेलेल्याची एखादी आठवण सांगावी आणि ती बोलेल ते ऐकावं.