अहवालातली आजी

समजा, एका नेत्रसंस्थेचा वार्षिक अहवाल सांगतो : 1,200 मोतीबिंदू शस्त्रक्रिया, शंभरातल्या 92 जणांची दृष्टी सुधारली. यावर दोन मिनिटांची फिल्म करायची, तर निवेदनाला जेमतेम दोनशे शब्द मिळतात. म्हणून आकडे थोडेच, तेही प्रेक्षकाला आजी भेटल्यावर.

आजी निवडताना मोह होतो. ठार आंधळी होती आणि आता लख्ख दिसतं, अशी बाई कॅमेऱ्याला हवीच असते. पण बहुतेक रुग्णांना आधी धूसर दिसत असेल, तर तांदळातला खडा न दिसणारी आजीच खरी. शेवटी तिने सुईत दोरा ओवला की डोळे पाणावतात, हे कबूल. मात्र डोळ्यात बसवलेलं साधं भिंग सहसा लांबचं दिसण्यासाठी असतं; जवळच्या कामाला चष्मा लागतो. तो काढून चित्रीकरण केलं, तर फिल्म खोटी. चष्म्यासकट ओवू द्या, आणि त्या वेळी निवेदक गप्प.

‘संस्थेने आयुष्य बदललं’ हे वाक्य खोडा; अहवालात त्याला आधार नाही. उरलेल्या आठ जणांसाठी एक वाक्य हवंच. प्रत्येक ओळीसमोर समासात अहवालाचं पान किंवा मुलाखतीतली वेळ लिहा. अंतिम फिल्म आजीला दाखवूनच संमती घ्या. उपचार आधीच पूर्ण झालेले असावेत, म्हणजे तिला नाही म्हणता येईल.