निर्वासित कुणाच्या वाट्याचे?

निर्वासितांविषयीचा जिनिव्हा करार १९५१ मध्ये झाला आणि १९६७ च्या पूरक कराराने त्याची व्याप्ती वाढवली. छळाची रास्त भीती असलेल्या माणसाला, जिथे त्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे परत धाडता येत नाही, हे या कराराचे सर्वांत मोठे बंधन. मात्र अशा माणसाला नेमके कोणत्या देशाने ठेवून घ्यावे, हे करारात कुठेच लिहिलेले नाही. काही देशांवर अवाजवी भार पडू शकतो आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य लागेल, एवढे प्रस्तावनेत म्हटले आहे. पण तेवढ्याने कुणावर वाटा उचलण्याची सक्ती होत नाही. परिणामी वाटणी भूगोल करतो. युद्धाच्या शेजारी असलेल्या देशाला माणसे परत पाठवता येत नाहीत, आणि दूरच्या देशाने काहीच केले नाही तरी त्याने करार मोडला असे होत नाही.

युरोपात ही विषमता नियमातच उतरली. १९९० मध्ये डब्लिन येथे झालेल्या करारानुसार आश्रयाचा अर्ज एकाच देशाने तपासायचा असतो. जवळचे नातेवाईक आधीच एखाद्या देशात असतील तर तो देश आधी; पण व्यवहारात बहुतेक वेळा माणसाने जिथून बेकायदा प्रवेश केला, तोच देश जबाबदार ठरतो. २००३ पासून बोटांचे ठसे सामायिक नोंदीत ठेवले जात असल्याने पहिला प्रवेश कुठून झाला हे शोधता येते. यात ग्रीस आणि इटली आपोआप सापडतात, कारण समुद्र त्यांच्या बाजूला आहे. ग्रीसमधल्या आश्रयव्यवस्थेची दुरवस्था पाहून युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०११ मध्ये एका अफगाण अर्जदाराला तिथे परत पाठवल्याबद्दल बेल्जियमलाही दोषी धरले. तरी नियम तसाच राहिला.

२०१५ मध्ये समुद्रमार्गे दहा लाखांहून अधिक माणसे युरोपात आली, त्यांतली साडेआठ लाखांच्या आसपास ग्रीसच्या किनाऱ्यांवर उतरली. त्या सप्टेंबरात युरोपीय महासंघाने इटली आणि ग्रीसमधून १ लाख ६० हजार अर्जदारांना दोन वर्षांत इतर देशांत हलवण्याचे ठरवले. युरोपीय आयोगाच्या सूत्रात देशाच्या लोकसंख्येला ४० टक्के, अर्थव्यवस्थेच्या आकाराला ४० टक्के आणि आधी स्वीकारलेले अर्ज व बेरोजगारी यांना प्रत्येकी १० टक्के महत्त्व होते. वाटणीचे सूत्र म्हणून यात वावगे काही नव्हते.

भांडण सूत्रावरून नव्हतेच. आयोगाच्या मूळ प्रस्तावात हंगेरीतूनही ५४ हजार माणसे इतरत्र हलवली जाणार होती, कारण त्या वर्षी अर्जांचा मोठा लोंढा तिथे आला होता. म्हणजे हंगेरीचा भार हलका होणार होता, तरी तिने नकार दिला. आपल्याकडे आलेले लोक आधी ग्रीसमध्ये शिरले आहेत, तेव्हा आपण पहिल्या प्रवेशाचा देश नाही, असे तिचे म्हणणे. त्याहून खोल आक्षेप असा, की देशात कोणी राहायचे हे ठरवण्याचा अधिकार एकदा बाहेरच्यांना दिला, तर तो कायमचा जातो. एका वर्षाचा फायदा घेऊन हंगेरीला कायमची वाटणी मान्य करायची नव्हती. २२ सप्टेंबरला १ लाख २० हजारांचा निर्णय बहुमताने झाला. हंगेरी, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि रुमानिया यांनी विरोधात मत दिले. बहुमताने लादलेली वाटणी ही माझ्या मते... नव्हे, घटनांवरून दिसते ती या प्रयोगाची सर्वांत मोठी चूक होती: ज्यांच्या संमतीवाचून ती अमलात येऊ शकत नव्हती, त्यांनाच तिने दुरावले.

प्रत्यक्षात सुमारे ३५ हजार माणसेच हलवली गेली. चेक प्रजासत्ताकाने १२ जणांना घेतले. हंगेरीने आणि सरकार बदललेल्या पोलंडने एकालाही नाही. २०२० मध्ये महासंघाच्या न्यायालयाने या तिघांनी कायदा मोडल्याचा निकाल दिला, पण तोवर योजनेची मुदत संपून गेली होती. अर्जदारांची इच्छाही विचारात घेतलेली नव्हती. जर्मनीत भाऊ असलेल्या माणसाला बाल्टिक किनाऱ्यावरच्या अनोळखी गावात पाठवले, तर तो तिथे टिकत नाही.

युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये वेगळेच घडले. तात्पुरत्या संरक्षणाचा २००१ चा नियम प्रथमच लागू झाला आणि युक्रेनियनांना देश स्वतः निवडता आला. पोलंड आणि चेक प्रजासत्ताक यांनी त्यांना मोठ्या संख्येने सामावून घेतले. क्षमतेअभावी २०१५ चा नकार आला नव्हता, हे यातून उघड होते. कोणाला आपले मानायचे, हा प्रश्न त्या आकड्यांमागे होता.

२०२४ च्या नव्या करारनाम्यात म्हणूनच सक्तीचे रूप बदलले आहे. देशाने माणसे घ्यावीत, किंवा न घेतलेल्या प्रत्येकामागे २० हजार युरो द्यावेत, किंवा मनुष्यबळ व साधने पुरवावीत. हंगेरी आणि पोलंड यांनी त्यालाही विरोध केला. पहिल्या प्रवेशाचे तत्त्व मात्र मुळात कायम आहे. इतर देशांनी पैसे दिले, तरी अर्ज तपासण्याचे आणि माणसांना ठेवण्याचे काम सीमेवरच्या देशाकडेच राहते.