आधी कोणतं काम सोडायचं?

शहरातलं एक छोटं पोळी-भाजी केंद्र उदाहरणादाखल घेऊ. मालकीणबाई पहाटेपासून राबतात. पोळ्या, भाज्या, डबे, मंडई, फोन, वसुली, सगळं त्यांच्याच अंगावर. एक माणूस ठेवायची ऐपत आता आली आहे, पण त्याला नेमकं कोणतं काम द्यायचं हे ठरत नाही. अशा वेळी बहुतेक जण कंटाळवाणं काम आधी सोडतात. तसं करण्याआधी एक आठवडा वेळेची नोंद ठेवावी.

पीटर ड्रकर यांनी १९६७ सालच्या ‘द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह’ या पुस्तकात वेळेची नोंद स्मरणावर विसंबून न ठेवता काम चालू असतानाच करायला सांगितलं आहे. रात्री आठवून लिहिलं की मोठी कामं तेवढी आठवतात आणि मधले फोन गळून जातात. म्हणून ओट्याजवळ वही टांगावी आणि काम बदललं की वेळ आणि दोन शब्द लिहावेत. ‘स्वयंपाक’ एवढंच लिहिलं तर ती नोंद निरुपयोगी आहे. निवडणं, चिरणं, फोडणी, लाटणं वेगवेगळं लिहायला हवं, कारण सोपवायचा असतो तो तुकडा, अख्खा स्वयंपाक नव्हे. काम मध्येच तुटलं की समासात एक रेघ मारावी.

समजा, सहा दिवसांची बेरीज ७८ तास आली. पोळ्या १८, निवडणं-चिरणं १४, भाज्या-आमटी शिजवणं १२, डबे भरणं ९, मंडई आणि किराणा ८, ऑर्डरचे फोन ७, हिशोब-वसुली ५, भांडी आणि आवराआवर ५.

सर्वांत मोठा आकडा पोळ्यांचा, त्यामुळे आधी पोळ्या लाटणारी बाई शोधावी असं वाटतं. मला ते घाईचं वाटतं. गिऱ्हाईक ज्या पोळीसाठी येतं ती बिघडली, तर ते डबा उघडल्यावर त्यालाच आधी कळतं, आणि दोनदा तसं झालं की डबा बंद होतो. म्हणून प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारावेत: हे किती दिवसांत शिकवता येईल, आणि चूक झाली तर ती घराबाहेर जाण्याआधी दिसेल का? निवडणं-चिरणं इथे सरस ठरतं. रोजचं काम, दोन-चार दिवसांत हाताखाली येणारं, आणि गवारीची शीर राहिली किंवा बटाटा जाड चिरला तर भाजी कढईत पडायच्या आधीच दिसतं.

आता पैशाचा हिशोब. महिन्याला खर्च वजा जाता ४०,००० रुपये उरत असतील आणि काम साधारण ३३५ तास होत असेल, तर बाईंचा तास १२० रुपयांच्या आसपास पडतो. मदतनीस ताशी ८० रुपयांना मिळाली, तर १४ तासांचे आठवड्याला १,१२० रुपये जातील. ८० हा १२० पेक्षा कमी, एवढ्यावर निर्णय घेऊ नये. मोकळ्या झालेल्या तासांचं काय होणार, यावर सगळं अवलंबून आहे. त्या वेळात रोज दहा डबे वाढले आणि डब्यामागे २५ रुपये सुटले, तर सहा दिवसांचे १,५०० होतात आणि मजुरी भागून थोडं उरतं. शेगडी किंवा गिऱ्हाईक अपुरं असेल तर डबे वाढणार नाहीत, मग ती मजुरी विश्रांतीची किंमत समजून द्यावी. तीही द्यायला हरकत नाही, पण ते आधी माहीत असावं.

फोनचे सात तास फसवे असतात. समासातल्या रेघा मोजल्या तर त्यांतल्या बहुतेक फोनमुळे पडलेल्या दिसतील. पिठाचा हात पुसून फोन घ्यायचा, पुन्हा हात धुवायचा, तवा तोवर तापलेला. या कामाला माणूस लागत नाही. उद्याची ऑर्डर आदल्या रात्री आठपर्यंत व्हॉट्सअॅपवरच, एवढा नियम केला आणि नेटाने पाळला तर हे तास बरेचसे आटतात. वसुली मात्र शेवटी सोडावी. तिथली चूक महिनाभर दिसत नाही.

एका आठवड्याच्या नोंदीला मर्यादा आहेत. सणावाराच्या ऑर्डरी किंवा महिनाअखेरची वसुली त्यात येईलच असं नाही, त्यामुळे साधा आठवडा निवडून महिनाअखेरचे तीन दिवस वेगळे लिहावेत.

मदतनीस आल्यावर महिन्याने पुन्हा आठवडाभर वही लिहावी, आणि त्यात ‘सांगणं-पाहणं’ असा नवा रकाना असावा. पहिले काही दिवस तो फुगणारच. पण चौदा तासांच्या जागी अजून सहा तास सांगण्यातच जात असतील, तर काम खऱ्या अर्थाने सोपवलेलं नाही. बहुधा मदतनीसापेक्षा सूचनेत उणीव असते. कोणत्या वारी कोणती भाजी, किती किलो, काप केवढे, हे भिंतीवर लिहावं आणि रोज पहिला मूठभर नमुना चिरून ताटलीत ठेवावा. तरीही रकाना उतरला नाही, तर माणूस बदलण्याचा विचार करावा. तोवर पोळ्यांना हात लावू नये.