पुढे वाढू शकणारी डिस्क: लिनक्स सर्व्हर बसवतानाचे पार्टिशन

व्हर्च्युअल मशीनची डिस्क होस्टवर मोठी करणे सोपे असते. पण वाढलेली जागा लिनक्सला वापरता येईल की नाही, हे सर्व्हर बसवताना निवडलेल्या पार्टिशनच्या रचनेवर ठरते.

नवी जागा नेहमी डिस्कच्या शेवटी जोडली जाते आणि पार्टिशन फक्त आपल्या लगतच्या मोकळ्या जागेतच वाढू शकते. जुन्या पद्धतीत आधी रूट आणि शेवटी स्वॅप असे पार्टिशन केलेले असते. तिथे मध्ये आलेला स्वॅप हटवल्याशिवाय रूट वाढत नाही. म्हणून वाढणारे पार्टिशन सर्वांत शेवटी ठेवावे आणि स्वॅपसाठी फाइल किंवा लॉजिकल व्हॉल्यूम वापरावा.

एलव्हीएम पार्टिशन आणि फाइल सिस्टिम यांच्यामध्ये एक थर घालते. पार्टिशन फिजिकल व्हॉल्यूम बनते, त्याची जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जमा होते आणि त्यातून हवे तेवढे लॉजिकल व्हॉल्यूम काढता येतात. दुसरी डिस्क जोडून तीही याच ग्रुपमध्ये घालता येते.

उबुंटू सर्व्हर 24.04 चे उदाहरण घेऊ. बायोसवर चालणाऱ्या मशीनला 40 जीबीची डिस्क दिली आणि संपूर्ण डिस्कवर एलव्हीएम हा पर्याय निवडला, तर बूट लोडरसाठी 1 एमबीचे `sda1`, `/boot` साठी 2 जीबीचे `sda2` आणि उरलेल्या 38 जीबीचे `sda3` तयार होते. रूटला मात्र त्यातली निम्मीच, सुमारे 19 जीबी जागा मिळते. बाकीची ग्रुपमध्ये शिल्लक राहते आणि `vgs` मध्ये दिसते. त्यामुळे डिस्क भरल्यासारखी वाटली, तर आधी ही शिल्लक पाहावी.

ती पुरणार नसेल, तर होस्टवर डिस्क 60 जीबी करून पुढील आदेश रूट म्हणून क्रमाने द्यावेत:

```
growpart /dev/sda 3
pvresize /dev/sda3
lvextend -r -l +100%FREE /dev/ubuntu-vg/ubuntu-lv
```

पहिला आदेश पार्टिशन वाढवतो, दुसरा फिजिकल व्हॉल्यूम आणि तिसरा लॉजिकल व्हॉल्यूम. `-r` मुळे फाइल सिस्टिमही सोबत वाढते. मशीन बंद करावी लागत नाही, तरी आधी बॅकअप घ्यावा. `/var` साठी वेगळा व्हॉल्यूम हवा असेल, तर सगळी जागा रूटला देऊ नये.

काम कुठे अडले ते `lsblk` दाखवते. `sda` च 40 जीबी दिसत असेल, तर नवा आकार लिनक्सपर्यंत पोहोचलेला नाही. डिस्क पुन्हा तपासायला लावावी किंवा मशीन रीबूट करावी. `sda` 60 आणि `sda3` अजून 38 जीबी असेल, तर पार्टिशन वाढायचे राहिले आहे.

उलट दिशेचा प्रवास अवघड असतो: एक्स्ट4 लहान करण्यासाठी ती अनमाउंट करावी लागते, तर एक्सएफएस लहान करण्याची सोय व्यवहारात नाहीच. त्यामुळे सुरुवातीला व्हॉल्यूम गरजेपुरतेच ठेवून बाकी जागा ग्रुपमध्ये राखणे योग्य.