लीड कचरा असते की उशिराने होते?

पुनावळ्यातल्या एखाद्या नव्या गृहप्रकल्पाची जाहिरात रात्री अकराला इन्स्टाग्रामवर दिसते. बटण दाबलं की वेबसाइट उघडत नाही, तिथेच एक छोटा फॉर्म येतो. नाव, मोबाइल नंबर आणि ई-मेल प्रोफाइलवरून आधीच भरलेले असतात. आणखी दोनदा बोट टेकवलं की काम झालं. बिल्डरच्या ऑफिसात या नोंदीला ‘लीड’ म्हणतात. फेसबुकने २०१५ मध्ये ही सोय आणली आणि आज घरविक्रीचा मोठा भार तिच्यावर आहे. तरीही महिनाअखेरच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘लीड सगळ्या जंक आहेत.’

यात तथ्य आहे, पण अर्धंच. फॉर्म इतका सोपा असतो की घर घेण्याचा विचार नसलेलेही तो भरतात. कुणाला फक्त भाव पाहायचा असतो, तर कुणाच्या प्रोफाइलवर पाच वर्षांपूर्वीचा नंबर असतो. म्हणून फॉर्ममध्ये थोडा अडथळा मुद्दाम ठेवावा लागतो. पाठवण्यापूर्वी माहिती पुन्हा तपासायला लावणारा फॉर्म मेटाच्या यंत्रणेत निवडता येतो आणि त्यात स्वतःचे प्रश्नही घालता येतात. खरी कसोटी हे प्रश्न कसे विचारायचे यात आहे.

पहिला प्रश्न बजेटचा. बहुतेक फॉर्म नुसतं ‘तुमचं बजेट किती?’ असं विचारतात आणि तिथेच घोटाळा होतो. समजा, पुनावळ्यातल्या टू बीएचकेची करारातली किंमत ७० लाख आहे. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, म्हणजे ४ लाख ९० हजार. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर त्यात एक टक्का सवलत मिळते. बांधकाम सुरू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणीचे ३० हजार वेगळे. एकूण ७८ लाख ७० हजार झाले, आणि त्यात सोसायटीचा देखभाल खर्च अजून धरलेला नाही. ‘बजेट ७० लाख’ लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा सगळं धरून ७० लाख असतात, तर बिल्डरच्या मनात करारातले. फोनवर हे उघड झालं की गिऱ्हाईक फसवल्यासारखं वागतं आणि टेलिकॉलर त्याच्या नावापुढे ‘जंक’ लिहितो. त्यापेक्षा जाहिरातीतच ‘सर्व करांसह ७९ लाखांच्या आसपास’ असं सांगावं आणि पर्यायही करांसहच द्यावेत.

त्याहून उपयोगी प्रश्न हाताशी असलेल्या रकमेचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, आणि या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी धरत नाहीत. आपल्या उदाहरणात १४ लाख स्वतःचे, वर शुल्क आणि नोंदणीचे ५ लाख २० हजार. म्हणजे किमान १९ लाखांची तजवीज हवी, आणि जीएसटीचा प्रश्न उरतोच. ‘सुरुवातीला किती रक्कम उभी करू शकाल?’ या प्रश्नाला ‘१० लाखांपेक्षा कमी’ असं उत्तर आलं, तर हे घर त्या माणसाच्या आवाक्यात आज नाही, हे दोघांनाही लगेच कळतं.

दुसरी चाळणी ठिकाणाची. ‘कुठे घर हवं?’ असं विचारलं तर जाहिरात पाहून आलेला माणूस ‘पुनावळे’च म्हणणार. त्याऐवजी ‘घरातल्या कमावत्यांचं ऑफिस कुठे?’ हे विचारावं. हिंजवडी, वाकड, चिंचवड अशी उत्तरं आली तर गोष्ट पुढे सरकते. खराडी किंवा हडपसर आलं तर रोज शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास होणार, त्यामुळे आधी विचारून घ्यायचं. मात्र अशी लीड थेट बाद करू नये. आई-वडील चिंचवडला राहत असतील किंवा घर भाड्याने देण्यासाठी घ्यायचं असेल. मुलगी हिंजवडीत नोकरी करते आणि पैसे लातूरहून वडील भरणार आहेत, असंही पुष्कळदा असतं. जाहिरात फक्त प्रकल्पाभोवतीच्या काही किलोमीटरांत दाखवली तर हे वडील तिला कधी दिसतच नाहीत.

प्रश्न वाढले की लीड महागते, आणि बैठकीत पहिला आक्षेप यावरच येतो. हिशोबासाठी आकडे धरू. दीड लाखांच्या खर्चात सोप्या फॉर्मवर ३०० लीड आल्या, म्हणजे एक ५०० रुपयांना. त्यातल्या ९ जणांनी साइटला भेट दिली. प्रश्नांच्या फॉर्मवर तेवढ्याच पैशांत १२० लीड आल्या, म्हणजे एक १,२५० रुपयांना, पण १२ जण साइटवर आले. पहिल्या फॉर्मची एक साइट व्हिजिट सुमारे १६,७०० रुपयांना पडली, दुसऱ्याची १२,५०० रुपयांना. शिवाय टेलिकॉलरचे १८० फोन वाचले. म्हणून लीडच्या भावापेक्षा साइट व्हिजिटचा भाव पाहावा.

पण उत्तम चाळणीतून आलेली लीडसुद्धा ऑफिसात पडून शिळी होते. २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये अमेरिकी कंपन्यांची एक पाहणी आली होती. ऑनलाइन चौकशीला तासाभरात संपर्क करणाऱ्या कंपन्यांचं निर्णय घेणाऱ्या माणसाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता, त्याहून तासभर उशीर करणाऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ सातपट होती. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. रात्री फॉर्म भरणाऱ्याने त्याच बैठकीत आणखी तीन प्रकल्प पाहिलेले असतात. तिसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला की तो ‘मी असं काही भरलं नव्हतं’ म्हणतो, आणि त्याला खरोखरच आठवत नसतं.

उशीर सहसा आळसामुळे होत नाही, तो कामाच्या रचनेत असतो. जाहिरात एजन्सी सकाळी लीड उतरवून एक्सेल शीटमध्ये पाठवते, सेल्स हेड दुपारी ती वाटतो आणि टेलिकॉलर संध्याकाळी फोन लावतो. शनिवार-रविवारी विक्रीची माणसं साइटवर आलेल्या कुटुंबांमध्ये गुंतलेली असतात, त्यामुळे त्या दोन दिवसांच्या लीड सोमवारपर्यंत थांबतात. यावर उपाय साधे आहेत. फॉर्म थेट सीआरएमला जोडावा. लीड येताच करांसह किंमत, नकाशा आणि महारेरा क्रमांक असलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश जावा, शेवटी ‘फोन कधी करू?’ हा प्रश्न असावा. रात्री आलेल्या लीडचा फोन सकाळी सगळ्यात आधी लागावा आणि सुट्टीच्या दिवसांसाठी एक माणूस फक्त फोनवर असावा. घराचा निर्णय कित्येक महिने चालतो, म्हणून ‘आत्ता नको’ म्हणणाऱ्याचं कारणही लिहून ठेवावं. ‘जुना फ्लॅट विकायचा आहे’ अशी नोंद असेल तर तीन महिन्यांनी फोन करायला विषय मिळतो. नुसतं ‘नॉट इंटरेस्टेड’ लिहिलं तर ते गिऱ्हाईक कायमचं गेलं.

दोष कुणाचा हे शोधायला शीटमध्ये दोन रकाने पुरतात. लीड कधी आली आणि पहिला फोन कधी लागला. तासाभरात, त्याच दिवशी आणि त्यानंतर, असे तीन गट करायचे. तासाभरात फोन गेलेल्यांतही बजेट जुळत नसेल, नंबर चुकीचे निघत असतील, तर जाहिरात किंवा फॉर्म बदलावा. तो गट बरा आणि उशिराचा गट तेवढा ‘जंक’ निघत असेल, तर जाहिरातीचं बजेट वाढवण्याआधी फोनवर माणूस वाढवावा.